उसाची साखर आणि एका रेषेचा उतार



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी माझ्या बी.एस्सी.च्या जर्नलवर लाल शाईने एकच प्रश्न लिहिला होता. मी लिहिलं होतं : ‘साखरेच्या इन्व्हर्शनची सक्रियण ऊर्जा = १०२.००३ किलोज्यूल प्रतिमोल.’ त्याखाली सरांनी लिहिलं : ‘हे तुला कोणी सांगितलं?’

मला वाटलं, मी कुणाची तरी नक्कल केली असा त्यांचा संशय आहे. मी रफ वही घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि सगळी रीडिंग्ज दाखवली. ते म्हणाले, “आकडे तुझेच आहेत, ते दिसतंय. पण या रेषेच्या उताराला ऊर्जा म्हणायचं, हे तुला कोणी सांगितलं? पुस्तकाने सांगितलं असेल, तर तसं लिही. तुला पटलं असेल, तर कसं पटलं ते लिही.” त्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली. आजचं व्याख्यान म्हणजे ते उत्तर आहे.

हा प्रयोग आपल्या भागातला आहे, हे आधी सांगतो. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालयं शिवाजी विद्यापीठाच्या छायेखाली वाढली. प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर ऊस, रस्त्यावर ऊस, रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्याला आणि शेंद्र्याच्या अजिंक्यताऱ्याला जाणाऱ्या बैलगाड्यांत ऊस. आणि अभिक्रियेचा वेग तापमानाने का वाढतो, हा प्रश्न जगात ज्या पदार्थावर सुटला, तो पदार्थही उसाची साखरच. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनिअसने १८८९ साली जो निबंध लिहिला, त्याचा विषयच मुळी आम्लामुळे होणारं उसाच्या साखरेचं इन्व्हर्शन हा होता. त्याच्याही आधी, १८५० साली, लुडविग विल्हेल्मीने याच अभिक्रियेचा वेग पोलॅरिमीटरने मोजला होता. अभिक्रियेचा वेग गणिताच्या सूत्रात बसवण्याचं काम तिथून सुरू झालं. आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना हे शिकवताना कुणी सांगितलं नव्हतं की आपल्या घरचंच हे आहे.

इन्व्हर्शन म्हणजे काय, ते थोडक्यात. साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. आम्ल मिळालं की पाण्याचा एक रेणू घेऊन ही जोडी तुटते. साखरेचं द्रावण ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवतं. फ्रुक्टोज मात्र त्याला डावीकडे इतकं जोरात वळवतं, की जोड्या तुटत गेल्या की पोलॅरिमीटरवरचं रीडिंग उजवीकडून शून्यावर येतं आणि शून्य ओलांडून डावीकडे जातं. दिशा उलटते, म्हणून इन्व्हर्शन. गुऱ्हाळवाल्याला हे नाव ठाऊक नसतं, पण ही गोष्ट ठाऊक असते. शिळ्या उसाचा गूळ बसत नाही, रवा चिकट राहतो, पावसाळ्यात पाघळतो. त्या उसातली साखर काहिलीत पडायच्या आधीच फुटलेली असते. शेतात ते काम मुख्यतः एन्झाइम आणि जिवाणू करतात, काहिलीत आम्ल आणि आच.

आता प्रयोग. शंभर मिलिलिटरमध्ये वीस ग्रॅम साखर, असं द्रावण करायचं. तेवढंच एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचं. दोन्ही बाटल्या वॉटर बाथमध्ये वेगवेगळ्या ठेवायच्या आणि दोन्हींचं तापमान बाथइतकं झालं की मगच मिसळायच्या. मिसळल्यावर आम्ल अर्धा मोलर होतं आणि साखर शंभर मिलिलिटरला दहा ग्रॅम. हे मिश्रण वीस सेंटिमीटरच्या, बाहेरून पाणी खेळणाऱ्या नळीत भरायचं, बाथचंच पाणी त्या वेष्टनातून फिरवायचं, आणि ठरावीक वेळाने रीडिंग घ्यायचं. सुरुवातीचं रीडिंग साधारण उजवीकडे तेरा अंश येतं. संपूर्ण साखर फुटल्यावर ते पंचवीस अंश सेल्सिअसला डावीकडे चार अंशांच्या जवळ जातं. प्रत्येक रीडिंगमधून हे शेवटचं रीडिंग वजा केलं की उरलेल्या साखरेचं माप मिळतं. त्याचा नैसर्गिक लॉगरिदम काढून वेळेसमोर मांडला की सरळ रेषा येते, आणि तिच्या उतारातून वेगस्थिरांक, म्हणजे k, मिळतो.

इथे एक गोष्ट बहुतेक जर्नलांत चुकते. ते शेवटचं रीडिंग प्रत्येक तापमानाला नव्याने घ्यावं लागतं. साखर तापमानाला फारसं जुमानत नाही, पण फ्रुक्टोजचं वळवणं तापमानाबरोबर खूप बदलतं. आपल्या द्रावणासाठी पंचवीस अंशांवर शेवटचं रीडिंग उणे चार असेल, तर चाळीस अंशांवर ते उणे तीनच्या आसपास येतं. एकदा काढलेली उणे चारची संख्या सगळ्याच तापमानांना वापरली, तर वरच्या तापमानाच्या रेषेची शेपटी आडवी होत जाते आणि k कमी येतो. चूक रीडिंगमध्ये नसते, वजाबाकीत असते, म्हणून शोधूनही सापडत नाही. मिश्रणाचा एक भाग दोन दिवस ठेवायचा, मग त्या-त्या तापमानाच्या नळीत भरून पाहायचं, एवढंच करायचं असतं.

माझ्या वहीत पाच तापमानांचे पाच वेगस्थिरांक होते. प्रतिमिनिट या एककात, २५ अंशांना ०.००५०, ३० ला ०.०१०४, ३५ ला ०.०२०३, ४० ला ०.०४०५ आणि ४५ ला ०.०६४०. पंचवीस अंशांवर निम्मी साखर फुटायला सव्वादोन तासांहून थोडा जास्त वेळ लागत होता, तर चाळीसवर सतरा मिनिटं. पंधरा अंशांत वेग आठपट झाला. म्हणजे अंशामागे सुमारे पंधरा टक्के वाढ.

इथे थांबायला हवं, कारण अऱ्हेनिअस इथेच थांबला होता. त्याच्यासमोर इतरांनी मोजलेले असेच आकडे होते. त्याने स्वतःला विचारलं, अंशामागे इतकी वाढ येते कुठून? रेणू गरम झाले की जोरात धावतात हे खरं, पण त्यांची सरासरी गती एका अंशाने एक षष्ठांश टक्काच वाढते. मग टकरी जास्त होतात म्हणावं, तर टकरीही तेवढ्याच प्रमाणात वाढणार. द्रावण पातळ होतं म्हणावं, तर तोही परिणाम दोनेक टक्क्यांचा. यांतलं काहीही पंधरा टक्क्यांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून त्याने म्हटलं, फुटणारी साखर ही आपण घातलेली साधी साखर नव्हे. साध्या साखरेतला अगदी थोडा भाग उष्णता पिऊन ‘सक्रिय साखर’ होतो आणि तोच फुटतो. सक्रिय आणि साधी यांच्यात समतोल असतो. असा समतोल तापमानाने किती सरकतो, त्याचं सूत्र व्हान्ट हॉफने १८८४ साली दिलंच होतं. सक्रिय भाग अतिशय थोडा असल्यामुळे तो दुप्पट झाला तरी साध्या साखरेच्या साठ्यात फरक पडत नाही, पण वेग मात्र दुप्पट होतो.

सरांच्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर हेच आहे. उताराला ऊर्जा म्हणायचं, कारण आपण आधी एक गोष्ट गृहीत धरली आहे : वेग ठरवणारा साखरेचा वाटा उष्णतेच्या एका ठरावीक हप्त्यावर अवलंबून आहे. ती ऊर्जा Ea मानली, तर सूत्र असं होतं :

k = A e^(−Ea/RT)

दोन्ही बाजूंचा लॉगरिदम घेतला की

ln k = ln A − (Ea/R)(1/T)

म्हणजे आडव्या अक्षावर १/T, उभ्या अक्षावर ln k मांडलं तर रेषा सरळ यायला हवी आणि तिचा उतार −Ea/R असायला हवा. बिंदू रेषेवर आले, म्हणजे या मापनाच्या टापूत आपलं गृहीतक मोडलं नाही. ते सिद्ध झालं असं मात्र नव्हे. तापमानाचा टापू पंधरा अंशांचा असताना ln k साध्या T समोर मांडलं तरी डोळ्याला रेषा जवळजवळ सरळच दिसते. म्हणून जर्नलमध्ये ‘आलेख सरळ आला, यावरून अऱ्हेनिअसचं समीकरण सिद्ध होतं’ असं वाक्य दिसलं की सर ते खोडायचे. सरळपणा ही परवानगी आहे. ऊर्जेचा अर्थ वर सांगितलेल्या विचारातून येतो.

आता माझे पाच बिंदू. तापमानं केल्विनमध्ये घेतली : २९८.१५, ३०३.१५ आणि पुढे. उलटी संख्या करताना चार अर्थपूर्ण अंक तरी ठेवावे लागतात, कारण १/T चा सगळा पल्लाच ०.००३३५४ पासून ०.००३१४३ पर्यंत, म्हणजे शेकडा सहा-सात इतका लहान असतो. ०.००३३, ०.००३२ असं गोल करून ठेवलं, तर उतारच हरवतो. पाचही बिंदूंमधून लीस्ट स्क्वेअर्सची रेषा काढली तर उतार −१२,२६९ केल्विन येतो. त्याला ८.३१४ ने गुणलं की १०२ किलोज्यूल. सहसंबंधाचा वर्ग ०.९९६. मी खूश होतो. ०.९९६ म्हणजे हजारात नऊशे शहाण्णव, आणखी काय हवं?

सरांनी आलेख हातात घेतला आणि कागद डोळ्यांच्या पातळीला आणून रेषेच्या दिशेने तिरपा पाहिला. सुतार फळीची धार पाहतो तसा. मग म्हणाले, “तुझी रेषा वर जाता जाता वाकते आहे. पहिल्या चारांतून काढ.” पहिल्या चारांतून काढलेली रेषा −१२,९७२ केल्विनच्या उताराची निघाली, म्हणजे १०८ किलोज्यूल. ती रेषा ४५ अंशांपर्यंत वाढवली तर k ०.०७७ यायला हवा होता. माझा आला होता ०.०६४.

मला वाटलं, सुटलो. पाचवा बिंदू गाळून १०८ लिहू, पुस्तकातला आकडाही त्याच आसपास आहे. सर म्हणाले, “नाही. रेषेवर बसत नाही म्हणून बिंदू गाळायचा, आणि मग सगळे बिंदू रेषेवर बसले म्हणून रेषा खरी म्हणायची, हे वर्तुळ झालं. तो बिंदू चुकलाय हे त्याने स्वतः सांगितलं पाहिजे.”

मग आम्ही रफ वहीत ४५ अंशांचं पान काढलं. त्या दिवशी प्रयोग सुरू झाल्यावर थोड्याच वेळात बाथच्या हीटरचा फ्यूज गेला होता. सोडियमचा दिवा चालू, पंप चालू, म्हणून मी रीडिंग घेत राहिलो होतो. पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘शेवटी बाथ ४२.’ जर्नल फेअर करताना मी ती ओळ गाळली होती, कारण जर्नलच्या छापील तक्त्यात तिला रकाना नव्हता. त्याच तापमानाचा वेळेसमोरचा आलेख पाहिला, तर तोही सरळ नव्हता. पहिल्या सहा मिनिटांचा उतार ०.०७४, शेवटच्या दहा मिनिटांचा ०.०५६. पहिल्या क्रमाच्या अभिक्रियेत, तापमान स्थिर असेल तर, हे होऊच शकत नाही.

इथे एक सुंदर उलटतपासणी करता येते, आणि ती मला सरांनी फळ्यावर करून दाखवली. ०.०७७ ऐवजी ०.०६४ येण्यासाठी तापमान किती कमी असायला हवं? दोन्हींच्या लॉगरिदममधला फरक ०.१९. तो १२,९७२ ने भागून आणि तापमानाच्या वर्गाने गुणून येतो दीड अंश. बाथ ४५ वरून ४२ वर उतरला, म्हणजे सरासरी ४३.५. दीडच अंश कमी. वहीच्या कोपऱ्यातली पेन्सिलीची ओळ आणि रेषेपासून ढळलेला बिंदू एकाच गोष्टीची साक्ष देत होते.

आता अहवालात काय लिहायचं, हे आपोआप ठरतं. ‘४५ अंशांचं मापन गणनेत घेतलेलं नाही. मापनादरम्यान बाथचं तापमान ४५ वरून ४२ वर उतरलं. त्या मापनाचा प्रथम-क्रम आलेख वक्र आहे. दोन्ही बाबी सोबतच्या आलेखात दाखवल्या आहेत.’ आणि तो बिंदू आलेखावर ठेवायचा, पोकळ वर्तुळाने, रेषेबाहेर. वाचणाऱ्याला तो दिसला पाहिजे. त्याला आमचा निर्णय पटला नाही, तर तो स्वतः पाच बिंदूंची रेषा काढू शकतो. अहवालातला युक्तिवाद म्हणजे एवढंच : प्रत्येक निर्णयाचं कारण त्या निर्णयाने मिळणाऱ्या उत्तरापासून स्वतंत्र असायला हवं. पुस्तकात १०८ आहे, हे पाचवा बिंदू गाळण्याचं कारण असू शकत नाही. फ्यूज गेला, हे असू शकतं.

यानंतर प्रश्न उरतो अंकांचा. मी १०२.००३ लिहिलं होतं. नव्या रेषेने कॅल्क्युलेटर १०७.८५३ दाखवत होता. चार बिंदू रेषेभोवती जितके विखुरले आहेत, त्यावरून उताराची स्टँडर्ड एरर एक किलोज्यूलच्या जरा आत येते. पण बिंदू चारच, आणि रेषेने त्यांतली दोन स्वातंत्र्यं वापरून टाकली. उरली दोन. दोन स्वातंत्र्यांवर पंच्याण्णव टक्के खात्री हवी तर त्या एररला ४.३ ने गुणावं लागतं. म्हणून लिहायचं १०८ ± ४. दशांशानंतरचे तीन अंक सोडाच, एककाच्या अंकाबद्दलही आपण साशंक आहोत. रेषा उभ्या अक्षाला जिथे भेटते तो ln A आणखी नाजूक. आपले बिंदू १/T च्या ०.००३२-०.००३३ च्या घरात, आणि ती भेट शून्यावर. ऊर्जेत चार किलोज्यूलचा फरक पडला तर A पाचपट बदलतो. त्यामुळे A प्रतिमिनिट १०¹⁶ ते १०¹⁷ च्या घरात आहे, याहून जास्त बोलण्याचा अधिकार या प्रयोगाला नाही.

थर्मामीटरबद्दल एक अनुभव सांगतो. थर्मामीटर सगळीकडे अर्धा अंश जास्त दाखवत असेल, तर उताराला फारसा धक्का लागत नाही, सगळे बिंदू मिळून सरकतात. पण २५ ला बरोबर आणि ४० ला अर्धा अंश चुकीचा असेल, तर पंधरा अंशांच्या पल्ल्यात ती तीन टक्क्यांहून जास्त चूक झाली, म्हणजे साडेतीन किलोज्यूल. बिंदू तरीही देखण्या सरळ रेषेत येतील. रेषेकडे कितीही पाहिलं तरी ही चूक दिसणार नाही. म्हणून आम्ही पुढे बर्फात आणि दुसऱ्या थर्मामीटरशेजारी ठेवून तपासायला लागलो, आणि तपासल्याचं अहवालात लिहायला लागलो.

आता एका चुकीबद्दल थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण मी पुढे शिकवायला लागल्यावर ती मला वर्षानुवर्षं भेटली. विद्यार्थी आलेख ln ऐवजी log, म्हणजे दहाच्या पायाचा, काढतो. त्यात गैर काही नाही. उतार −५,६३३ येतो. पण मग त्याला २.३०३ ने गुणायचं राहून जातं आणि तो थेट ८.३१४ ने गुणतो. उत्तर येतं ४७ किलोज्यूल. हे उत्तर वेडंवाकडं असतं तर बरं झालं असतं. पण यीस्टमधला इन्व्हर्टेज हा एन्झाइम जेव्हा हीच साखर फोडतो, तेव्हा त्याची सक्रियण ऊर्जा साधारण याच घरात असते. एका मुलीने तर खाली लिहिलं होतं की उत्तर साहित्यातल्या मूल्याशी जुळतं, आणि तिला सापडलेलं मूल्य एन्झाइमचं होतं. आम्लाच्या प्रयोगाचं चुकीचं उत्तर दुसऱ्याच अभिक्रियेच्या बरोबर उत्तराशी जुळलं होतं.

हे ओळखायचं कसं? रेषा बाजूला ठेवून वहीतल्या दोन आकड्यांना विचारायचं. खोलीच्या तापमानाच्या आसपास, २५ वरून ३५ वर जाताना वेग दुप्पट होत असेल, तर सक्रियण ऊर्जा ५३ किलोज्यूलच्या जवळ असते. चौपट होत असेल, तर त्याच्या दुप्पट, १०६. वहीत ०.००५० चे ०.०२०३ झाले आहेत. चौपट. मग ४७ कसे येतील? ४७ ला वेग दुपटीपर्यंतही पोहोचत नाही. हे तोंडी गणित आहे, त्याला कागदही लागत नाही. मी विद्यार्थ्यांना ते अहवालातच लिहायला लावत असे : ‘२५ ते ३५ अंशांत k सुमारे चौपट होतो, यावरून Ea १०६ च्या आसपास अपेक्षित, आलेखावरून १०८ ± ४.’ दोन वाटांनी एकाच गावाला पोहोचल्याची ही नोंद आहे.

आणि आता सरांच्या प्रश्नाचं दुसरं अर्धं उत्तर. हे १०८ किलोज्यूल नेमके कशाचे? एका रेणूला चढावी लागणारी एक टेकडी, असं चित्र आपल्या मनात असतं. पण इथे आधी आम्लातला प्रोटॉन साखरेच्या दोन भागांना जोडणाऱ्या ऑक्सिजनवर बसतो. हा टप्पा झटपट आणि मागे-पुढे होणारा. मग प्रोटॉन घेतलेल्या रेणूचा तो दुवा तुटतो, आणि हा टप्पा संथ. आपण मोजलेल्या k मध्ये तीन गोष्टी एकत्र गुंफलेल्या असतात : आम्लाची तीव्रता, प्रोटॉन बसण्याचा समतोल आणि दुवा तुटण्याचा वेग. आम्लाची तीव्रता आपण सगळ्या मापनांत एकच ठेवली, म्हणून ती उतारात येत नाही. बाकीच्या दोन्हींचा तापमानाशी असलेला संबंध उतारात एकत्र येतो. म्हणजे १०८ ही प्रोटॉन बसण्याच्या उष्णतेची आणि दुवा तुटण्याच्या टेकडीची बेरीज आहे. एकट्या आलेखातून ही बेरीज सोडवता येत नाही. अहवालात म्हणूनच ‘या आम्लतेला मोजलेली एकूण सक्रियण ऊर्जा’ असं लिहावं. अऱ्हेनिअसच्या ‘सक्रिय साखरे’ला पुढच्या रसायनशास्त्राने दिलेला चेहरा म्हणजे हा प्रोटॉन घेतलेला रेणू, असं मला वाटतं. त्याने काढलेला स्थिरांक १२,८२० होता. तो आजच्या R ने गुणला तर १०७ किलोज्यूल येतात. मिणमिणत्या प्रकाशात पोलॅरिमीटरला डोळा लावून घेतलेली ती रीडिंग्ज होती.

आमच्या वर्गात काहींना वाटायचं की हे सगळं परीक्षेपुरतं आहे. कराडकडच्या एका मुलाच्या घरी गुऱ्हाळ होतं. त्याने विचारलं, “सर, काहिलीत किती साखर फुटते, हे या रेषेवरून सांगता येईल का?” मी म्हटलं, करून पाहू, पण प्रत्येक पायरीला कुठे उभे आहोत ते लिहीत जाऊ.

उसाच्या ताज्या रसाचा pH सव्वापाच ते साडेपाच असतो. ५.३ धरला तर रसातली आम्लता आपल्या अर्ध्या मोलर आम्लाच्या एक लाखावा भाग. वेग आम्लतेच्या प्रमाणात बदलतो असं धरलं, तर एक लाखाने भागायचं. हे पहिलं गृहीतक. मग तापमान. २५ वरून १०० वर जाताना, १०८ किलोज्यूलच्या हिशेबाने, वेग सहा हजार पटींहून थोडा जास्त वाढतो. ०.००५० ला सहा हजार तीनशेने गुणून लाखाने भागलं की मिनिटाला ०.०००३२. तासाला जवळजवळ दोन टक्के साखर. आमच्या ± ४ मुळे या दोन टक्क्यांत तिसरा हिस्सा इकडे-तिकडे, म्हणजे सव्वा ते अडीच. आणि आम्ही मोजलं २५ ते ४० मध्ये, उत्तर मागतो आहोत १०० ला. मोजलेल्या टापूच्या चौपट लांब उडी. मध्ये रेषा वाकली तर आम्हाला कळणार नाही. खरं तर काहिलीत पाणी आटत जातं, साखर दाट होत जाते, शेवटी आच शंभराच्या बरीच वर जाते, आणि थंड रसात मोजलेला pH गरम रसात तोच राहत नाही. हे सगळं आम्ही उत्तराखाली लिहिलं.

नंतर मला हंगेरीच्या व्हुकोव्हने १९६५ साली साखर उद्योगासाठी दिलेलं सूत्र सापडलं. त्यातला तापमानाचा स्थिरांक ऊर्जेत बदलला तर १०८ ते १०९ किलोज्यूल येतो, आणि शंभर अंशांना pH ५.३ साठी त्याचं उत्तर आमच्यापेक्षा थोडं कमी, तासाला दीड टक्क्याच्या आसपास निघतं. आमच्या सव्वा ते अडीचच्या आत. मी त्या मुलाला कळवलं. तो तेव्हा शिकून घरी परतला होता आणि गुऱ्हाळ त्याच्याकडेच होतं.

त्याच्याकडे गेलो तेव्हा चुलवणात चिपाडं घालणं चालू होतं आणि म्हातारा गुळव्या रसावरची मळी काढत होता. भेंडीचं पाणी झाल्यावर त्याने रसात चुन्याची निवळी घातली, बोटांनी रस चोळून पाहिला, आणि अजून थोडी घातली. मी त्या मुलाला विचारलं, pH किती होतो यात? त्याने कागदी पट्टी बुडवून दाखवली. सहा आणि साडेसहाच्या मध्ये. एक पूर्ण अंक वर. म्हणजे आम्लता दहावा भाग, आणि आमच्या रेषेनुसार फुटणारी साखरही तासाला दोन टक्क्यांऐवजी दोन दशांश टक्के. गुळव्याला विचारलं, चुना का घालता? तो म्हणाला, “नाही घातला तर रवा बसत नाही.” त्या मुलाने जर्नलच्या मागच्या पानावर ते गणित जपून ठेवलं होतं. त्याखाली त्याच्या हाताने लिहिलं होतं : ‘मापन २५ ते ४० अंश. ४५ अंशांचा बिंदू गणनेत घेतलेला नाही.’